महिनाभर व्हिडिओ नाही: काय लिहावं, काय गाळावं

निफाड तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार डोळ्यांसमोर आणा. माणूस कल्पित आहे, पण त्याच्यासारखे बरेच आहेत. दोन एकर बाग, हातात मोबाइल, आणि यूट्यूबवर १८ हजार सबस्क्रायबर. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो बागेत उभा राहून आठ-दहा मिनिटांचा व्हिडिओ टाकतो: आज काडी कशी दिसते, फवारणी कधी घ्यायची, पाऊस आला तर काय. लोक त्याला दादा म्हणतात. ३ ऑक्टोबरला, म्हणजे गोड छाटणीच्या ऐन धामधुमीत, त्याला सणकून ताप भरतो. चार-पाच दिवसांनी ताप उतरतो, पण सांधे धरलेलेच राहतात. तपासणीत चिकुनगुनिया निघतो. महिनाभरात एकही व्हिडिओ जात नाही, आणि ४ नोव्हेंबरला तो पहिल्यांदा सबस्क्रायबरांसाठी चार ओळी लिहायला बसतो.

अशा वेळी चॅनेलवाले बहुधा कम्युनिटी पोस्ट टाकतात. व्हिडिओ न करता मजकूर, फोटो किंवा प्रश्नावली टाकायची ही सोय यूट्यूबने २०१६ साली आणली. सुरुवातीला ती फक्त मोठ्या चॅनेल्सना होती, पुढे अटी सैल होत गेल्या. आजारातून उठणाऱ्या माणसाला ती बरी पडते, कारण तिला ना कॅमेरा लागतो ना आवाज. ज्याची बोटं मिटत नाहीत त्याने व्हिडिओचं एडिटिंग करावं कसं? बोलून टाइप करून आठ ओळी मात्र तो लिहू शकतो.

आमच्या दादाचा पहिला मसुदा साधारण असा होईल: ‘नमस्कार मंडळी, सर्वप्रथम मी तुम्हा सर्वांची हात जोडून मनापासून माफी मागतो. मला माहीत आहे की तुम्ही माझ्यावर नाराज आहात. मी तुमच्या प्रेमाला पात्र ठरलो नाही. गेला महिना माझ्यासाठी खूप कठीण होता, पण तुमच्या आशीर्वादाने मी लवकरच परत येत आहे. राहिलेले सगळे व्हिडिओ टाकणार आहे. असंच प्रेम राहू द्या.’

यात खोटं काही नाही, पण वाचणाऱ्याच्या हाती काय लागतं? फीडमध्ये पोस्टच्या पहिल्या काही ओळीच दिसतात. पुढचं वाचायला तिच्यावर बोट टेकवावं लागतं. त्या मोक्याच्या ओळी माफीनेच भरून गेल्या. काय झालं होतं ते कुठेच नाही. ‘लवकरच’ म्हणजे कधी, तेही नाही. आणि ‘सगळे व्हिडिओ टाकणार’ हे वचन तर पाळताच येणार नाही. ते का, हे समजायला थोडं बागेत जावं लागेल.

नाशिक पट्ट्यात गोड छाटणी सगळ्यांची एका दिवशी होत नाही. सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत ती चालू असते. छाटल्यावर लगेच डोळ्यांना पेस्ट लावतात, दहा-बारा दिवसांत डोळे फुगतात, पोंगा अवस्था येते, मग फूट निघते, घड दिसू लागतो, आणि महिना-सव्वा महिन्यात फुलोरा. या पहिल्या महिन्यात ऑक्टोबरचा पाऊस आणि सकाळचं दव असेल तर डाऊनी, म्हणजे केवडा, कोवळ्या पानांवर आणि घडांवर उतरतो. घड जिरतात तेही याच काळात. म्हणजे ज्याने ५ ऑक्टोबरला छाटणी केली, त्याची बाग ४ नोव्हेंबरला फुलोऱ्याच्या तोंडावर आहे. त्याला आता पोंगा अवस्थेचा व्हिडिओ दाखवून उपयोग नाही. ती वेळ गेली. पण ज्याने २५ ऑक्टोबरला छाटली, त्याचे डोळे आत्ता फुटताहेत. त्याच्यासाठी तोच राहिलेला व्हिडिओ आजही ताजा आहे.

त्यामुळे ‘राहिलेलं सगळं’ असं एक गाठोडं नसतंच. चुकलेल्या नऊ व्हिडिओंपैकी काही मेलेले, काही उशिरा छाटणाऱ्यांसाठी जिवंत, आणि एक-दोन कुणालाही कधीही चालतील असे. पोस्ट लिहिण्याआधी कागदावर ही वाटणी करायची. जे मेले ते येणार नाहीत, हे सांगून टाकायचं. चॅनेलवाल्याला ते लिहायला जड जातं, पण शेतकऱ्याचा त्याने फायदा होतो. तो वाट बघत बसत नाही, दुसरीकडे विचारतो. कुठे विचारायचं तेही पोस्टमध्ये हवं. द्राक्षासाठी पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे आणि हंगामात तिथून बागायतदारांसाठी सल्ले निघतात. आपल्या प्रेक्षकाला दुसऱ्याकडे पाठवणं अनेकांच्या जिवावर येतं. माझ्या मते पोस्टमधली हीच ओळ सगळ्यात कामाची.

जुन्या व्हिडिओंचाही एक घोळ असतो. दादा आजारी असला तरी त्याचे मागच्या वर्षीचे छाटणीचे व्हिडिओ ऑक्टोबरभर चालतच राहतात. लोक शोधतात, यूट्यूब तेच पुढे करतं. त्यातली औषधांची नावं आणि प्रमाण मात्र मागच्या हंगामाचं असतं. निर्यातीच्या बागेत कोणतं औषध काढणीआधी किती दिवस बंद करायचं, याचे नियम बदलत असतात. नवा व्हिडिओ नाही म्हणून कुणी जुनाच बघून टाकी भरली तर माल उर्वरित अंशाच्या तपासणीत अडकू शकतो. म्हणून पोस्टमध्ये एक वाक्य त्यासाठी ठेवावं, आणि तेच वाक्य त्या जुन्या व्हिडिओखाली कमेंट म्हणून लिहून पिन करावं. पिन केलेली कमेंट सगळ्यात वर राहते.

आता माफीकडे. ती मागायची कशाची? डास चावला याची मागण्यात अर्थ नाही. आजारी माणसाने आजाराबद्दल माफी मागितली की वाचणाराच अवघडतो, आणि खाली दोनशे जण ‘दादा, माफी कसली मागता’ असं लिहितात. त्यात मूळ मुद्दा हरवतो. माफी असलीच तर एका गोष्टीची आहे: महिनाभर कळवलं नाही. पहिल्या आठवड्यात ‘ताप आहे, पुढचे व्हिडिओ येणार नाहीत’ एवढं कुणीतरी टाकायला हवं होतं. दादाला जमत नव्हतं, पण घरच्यांना जमलं असतं. त्यासाठी पासवर्ड कुणाला द्यावा लागत नाही. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये परमिशन्स म्हणून भाग आहे. तिथून मुलीला किंवा भावाला त्यांच्याच ईमेलवर मॅनेजर करता येतं आणि नंतर काढूनही टाकता येतं. धडधाकट असताना हे करून ठेवणारे मी फार कमी पाहिले आहेत.

मासिकाचा वर्गणीदार वर्षाचे पैसे आधी भरतो, त्यामुळे अंक चुकला तर हिशेब सरळ असतो. यूट्यूबच्या सबस्क्रायबरने एक बटण दाबलेलं असतं, पैसे दिलेले नसतात. त्याला द्यायची असते ती बातमी. पण दादाच्या चॅनेलवर आणखी एक लहान गट आहे: मेंबर. साठ जण दरमहा ५९ रुपये भरतात, आणि त्या बदल्यात दर रविवारी त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणारा लाइव्ह होतो. ऑक्टोबरमध्ये एकही लाइव्ह झाला नाही, पैसे मात्र कापले गेले. कर वजा जाता त्यातले सत्तर टक्के दादाच्या खात्यात जमतात. इथे प्रकरण प्रेमाचं राहत नाही, व्यवहाराचं होतं.

सगळ्यांसाठीच्या पोस्टमध्ये हे मिसळू नये. मेंबरांनाच दिसेल अशी वेगळी पोस्ट टाकता येते. तिच्यात तीन गोष्टी असाव्यात. ऑक्टोबरचे लाइव्ह झाले नाहीत, हे स्पष्ट शब्दांत. त्यांच्याऐवजी काय देणार आणि कोणत्या तारखांना. आणि ज्यांना थांबायचं नाही त्यांनी मेंबरशिप कुठून बंद करावी: `youtube.com/paid_memberships` या पानावरून. हा पत्ता आपणहून देणं विचित्र वाटेल, पण तो दिल्यावर बंद करणारे थोडेच निघतात आणि राहिलेल्यांचा विश्वास बसतो, असा माझा अंदाज. जाहिरातदाराशी तारखांचा करार असेल तर त्याला वेगळा ईमेल. त्याचं नाव कोणत्याच पोस्टमध्ये नको.

आजाराबद्दल किती सांगायचं, यावर लोकांचे दोन तट पडतात. काही जण ‘तब्येतीच्या कारणाने’ एवढ्यावर थांबतात. तसं थांबण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे, विशेषतः आजार खाजगी असेल तर. पण आजार संकोचाचा नसेल तर नाव सांगितल्याने एक फायदा होतो. चिकुनगुनिया म्हटलं की ग्रामीण महाराष्ट्रात फार समजवावं लागत नाही. ज्याच्या घरात तो होऊन गेला त्याला माहीत असतं की ताप आठवड्यात जातो, पण बोटं, मनगटं, घोटे कित्येक आठवडे आणि काहींचे तर महिनोन् महिने दुखत राहतात. त्यामुळे दादा पुढे आठवड्याला दोनऐवजी एकच व्हिडिओ टाकणार असेल, तर त्याचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

तपासणीच्या रिपोर्टचा फोटो मात्र टाकू नये. ‘खरंच आजारी होता का’ अशी एखादी खवचट कमेंट येते आणि माणूस चिडून रिपोर्टच चिकटवतो. त्यावर नाव, वय, मोबाइल नंबर, डॉक्टरांचं नाव, लॅबचा नोंदणी क्रमांक, सगळं असतं. हाताला सलाइन लावलेला फोटोही टाळलेला बरा. त्याने माहितीत काही भर पडत नाही, फक्त हळहळ वाढते. कोणत्या गोळीने बरं वाटलं तेही लिहू नये. चिकुनगुनिया आणि डेंग्यू एकाच जातीच्या डासामुळे होतात आणि सुरुवातीला दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत काही वेदनाशामक गोळ्या धोक्याच्या असतात, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. फवारणीसाठी दादाच्या शब्दावर विसंबणारा शेतकरी तापातही त्याच्याच शब्दावर विसंबेल.

कधी परतणार, ही ओळ सगळ्यात अवघड. बहुतेक जण उत्साहात तारीख देऊन बसतात. चिकुनगुनियाचं दुखणं सरळ रेषेत कमी होत नाही. चार दिवस बरे जातात आणि पाचव्या सकाळी मूठ मिटत नाही. म्हणून फक्त एकाच व्हिडिओची तारीख द्यावी, आणि तीही तो व्हिडिओ शूट होऊन मोबाइलमध्ये पडलेला असेल तेव्हाच. त्यापुढचं वेळापत्रक ‘जमेल तसं’ नव्हे तर कमी करून सांगावं: दोनऐवजी एक, दहा मिनिटांऐवजी पाच.

आणि ही घाई होते कशाने? अल्गोरिदमच्या धास्तीने. महिनाभर गप्प राहिलं की यूट्यूब चॅनेल गाडून टाकतं, असं चॅनेलवाल्यांच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी सांगत असतं. यूट्यूबच्या तेव्हाच्या प्रमुख सुझान वोजिकी यांनी २०१९ साली चॅनेलवाल्यांना लिहिलेल्या पत्रात या धास्तीला उत्तर दिलं होतं. लाखो चॅनेल्सच्या नोंदी तपासल्या, आणि सुट्टीवरून परतल्यावर सरासरी पाहता व्ह्यूज सुट्टीच्या आधीपेक्षा जास्तच होते, असं त्यांचं म्हणणं. ही सरासरी आहे आणि सांगणारी कंपनीच आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं. शिवाय द्राक्षाच्या चॅनेलचे व्ह्यूज मुळातच हंगामाप्रमाणे वर-खाली होतात, त्यामुळे पडझड आजाराची की हंगामाची हे मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावं लागतं.

यूट्यूबचा लिखित नियम याहून बराच सैल आहे. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ चॅनेलवर ना व्हिडिओ, ना कम्युनिटी पोस्ट, असं झालं तर ते कमाई बंद करू शकतात. म्हणजे महिन्याने त्या अर्थी काही बिघडत नाही, आणि लांबलेल्या आजारात एखादी पोस्टही चॅनेल जागतं ठेवते. पैशाचा फटका दिसतो तो उशिरा. ऑक्टोबरची कमाई २१ ते २६ नोव्हेंबरच्या दरम्यान खात्यात निघते, तीही शिल्लक शंभर डॉलरांवर गेली असेल तरच. अंथरुणात असताना सप्टेंबरचे पैसे येतात आणि माणूस निर्धास्त राहतो. उठून कामाला लागल्यावर रिकामा महिना समोर येतो. त्या वैतागात लिहिलेली दुसरी पोस्ट, ‘आर्थिक अडचण आहे, मदत करा’ वगैरे, पहिलीचा सगळा परिणाम घालवते.

इतकं ठरल्यावर दादाची पोस्ट अशी होते:

‘राम राम मंडळी. ३ ऑक्टोबरपासून चॅनेलवर व्हिडिओ नाही, कारण मला चिकुनगुनिया झाला होता. पुढचा व्हिडिओ शुक्रवारी ८ तारखेला येतोय, शूट झालाय.

ताप गेलाय, बोटं आणि मनगटं अजून धरतात. महिनाभर तुम्हाला काहीच कळवलं नाही, ते चुकलं. माफ करा.

लवकर छाटणी झालेल्यांसाठी पोंगा आणि फुटीचे व्हिडिओ राहिले, ते आता टाकणार नाही. तुमच्या बागा पुढे गेल्यात. २० ऑक्टोबरनंतर छाटलेल्यांसाठी शुक्रवारचा व्हिडिओ फुटीवरच आहे.

मागच्या वर्षीच्या व्हिडिओतलं औषधांचं प्रमाण बघून फवारणी घेऊ नका. अडचण असेल तर मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला बघा किंवा तुमच्या कृषी अधिकाऱ्यांना विचारा.

नोव्हेंबरभर आठवड्याला एकच व्हिडिओ, शुक्रवारी. मेंबर मंडळींसाठी वेगळी पोस्ट टाकली आहे.

मी कुणाकडेही पैसे मागितलेले नाहीत. माझ्या नावाने कुणी नंबर दिला तर तो मी नाही.’

शेवटच्या दोन वाक्यांना अनुभवाचा आधार आहे. सहानुभूतीची पोस्ट पडली की काही तासांत कमेंटमध्ये चॅनेलचाच फोटो आणि जवळजवळ तेच नाव लावून कुणीतरी उगवतो: ‘उपचारासाठी मदत हवी आहे, या नंबरवर बोला.’ भोळा प्रेक्षक क्यूआर कोड स्कॅन करून मोकळा होतो. म्हणून पहिल्या दिवशी कमेंट्सवर लक्ष ठेवायला घरातलं कुणीतरी बसवावं आणि अशी खाती चॅनेलवरून लपवून टाकावीत. नंबर देणारी कमेंटही काढायची.

बाकीच्या कमेंट्स घरगुती उपायांच्या असतात. गुळवेल घ्या, पपईच्या पानांचा रस घ्या, अमक्या गावच्या वैद्याकडे जा. प्रत्येकाला आभार मानावेत, पण ‘मीही तेच घेतलं’ असं लिहू नये, कारण त्याचाही सल्ला होतो. सगळ्यांना उत्तर देण्याची जबरदस्ती नाही. दुखऱ्या बोटांनी तीनशे उत्तरं टाइप करणं हा उपचार नव्हे. एकच कमेंट लिहून पिन केली तरी चालते.

पोस्ट टाकल्यावर एक-दोन दिवसांनी प्रश्नावलीची वेगळी पोस्ट टाकावी: तुमची बाग कोणत्या अवस्थेत आहे, पोंगा, फूट, फुलोरा की मणी? सांत्वनाच्या कमेंटपेक्षा हिला उत्तर देणं सोपं असतं, एकदा बोट टेकवायचं. दादाला त्यातून कळतं की त्याचे प्रेक्षक नक्की कुठे आहेत. सत्तर टक्के लोक फुलोऱ्यात निघाले तर दुसऱ्या शुक्रवारचा विषय आपोआप ठरला, आणि उरलेल्यांसाठी एक छोटा व्हिडिओ पुरतो.

आठ तारखेच्या व्हिडिओत आजाराची कथा पुन्हा सांगायची गरज नाही. ज्यांनी पोस्ट वाचली त्यांना ती माहीत आहे, आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये हा व्हिडिओ शोधून बघणाऱ्याला तिच्याशी देणंघेणं नाही. एक वाक्य पुरे, आणि कॅमेरा काडीवर.

शुक्रवारनंतर दुखणं उलटलं आणि पुढचा आठवडा हुकणार असं दिसलं, तर जुनी पोस्ट बदलून तारीख पुढे ढकलायची नाही. ती वाचून गेलेला माणूस परत येऊन बघत नाही. गुरुवारी रात्रीच नवी दोन ओळींची पोस्ट टाकायची: उद्याचा व्हिडिओ होत नाही, पुढच्या शुक्रवारी बघू, फुलोऱ्यात असाल तर पावसाचा अंदाज पाहूनच फवारणीचं ठरवा.